निष्पादक स्वतःच लाभार्थी असेल तेव्हा: कर्ज, उत्पन्न, खरेदी आणि मेहनताना

प्रश्न: "मोठ्या काकांनी नोंदणीकृत मृत्युपत्रात मला निष्पादक नेमले आहे. घर आणि चार एकर कपाशीचे शेत मला, तीन एकर संत्र्याची बाग चुलत बहिणीला आणि बँकेतील उरलेली रक्कम दोन भाच्यांना समान, अशी वाटणी आहे. बहीण म्हणते की मी स्वतः हिस्सेदार असल्यामुळे मला व्यवस्था पाहता येत नाही. तिची बाग मी विकत घेऊ शकतो का? वर्षभर वरूड-अमरावतीच्या खेपा मीच घातल्या, त्याचा मेहनताना मागता येतो का?"

आपण हिंदू आहात आणि ही मालमत्ता काकांची स्वतःची होती, असे धरून लिहितो. मालमत्ता वडिलोपार्जित असेल किंवा कुटुंबाचा वैयक्तिक कायदा वेगळा असेल, तर आधी काकांना एवढे देण्याचा अधिकार होता का, हे तपासावे लागेल.

बहिणीचा मूळ आक्षेप टिकणारा नाही. लाभार्थ्यालाच निष्पादक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे देणी फेडून वाटणी करणारा, नेमण्यास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मनाई करत नाही. उलट कलम १४१ असे सांगते की निष्पादक म्हणून नेमलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने काही दिले असेल, तर तिने मृत्युपत्र सिद्ध केल्याशिवाय किंवा काम करण्याचा इरादा अन्य रीतीने दाखवल्याशिवाय तिला ते घेता येत नाही. त्यामुळे "वाद नको म्हणून मी काम सोडतो, माझे शेत तेवढे मला द्या" हा मार्ग आपल्याला वाटतो तितका सुरक्षित नाही. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. मृत्युपत्र लिहून घेण्यात आपला पुढाकार होता का? वकील आपण ठरवला, मसुदा आपण सांगितला आणि मोठा लाभही आपल्यालाच झाला, असे असेल तर न्यायालय त्याकडे संशयास्पद परिस्थिती म्हणून पाहते आणि तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये एच. वेंकटचल अय्यंगार यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले असून आजही तोच निकाल आधाराला घेतला जातो.

खरा हितविरोध दोन भूमिका एका माणसाकडे असण्यात नसतो. तो एकेका व्यवहारात येतो आणि बहुधा नकळत येतो. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांत मला तो सर्वांत जास्त पीककर्जाच्या बाबतीत दिसला आहे, म्हणून त्यावरच थोडे सविस्तर लिहितो.

समजा काकांच्या मागे बँकेत ६,००,००० रुपये आहेत. नागपूरच्या इस्पितळाचे शेवटच्या आजाराचे बिल ९०,००० रुपये, अंत्यविधी आणि तेरवीचा खर्च ६०,००० रुपये, सालदाराची शेवटच्या तीन महिन्यांची थकलेली मजुरी ३०,००० रुपये आणि वकील, नकला, शुल्क यांचा खर्च २०,००० रुपये. आपण काकांना १,२०,००० रुपये हातउसने दिले होते आणि त्याचा लेखी पुरावा आहे, असेही धरू. याशिवाय सेवा सहकारी सोसायटीचे १,८०,००० रुपयांचे पीककर्ज आहे आणि त्याचा बोजा कपाशीच्या शेताच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांत, नोंदवलेला आहे.

अशा वेळी सगळी देणी बँकेतल्या पैशातून फेडून टाकावीत, असे कोणालाही सहज वाटते. पण कलम १६७ नुसार विशिष्ट म्हणून, म्हणजे नेमके हेच शेत किंवा हेच घर असे सांगून, दिलेल्या मालमत्तेवर मृत्यूच्या वेळी काकांनी स्वतः निर्माण केलेला बोजा असेल, तर मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत नसल्यास, ती मालमत्ता स्वीकारणारा ती बोजासह घेतो आणि तो बोजा त्यानेच फेडायचा असतो. "माझी सर्व देणी फेडावीत" असे सर्वसाधारण वाक्य मृत्युपत्रात असले, तरी तेवढ्यावरून वेगळा हेतू मानला जात नाही. म्हणजे बोजा असलेले शेत आपल्या वाट्याला आले आहे, तर १,८०,००० रुपये आपल्या खिशातून जायला हवेत.

हिशेब करून पाहा. सोसायटीचे कर्ज बाजूला ठेवले, तर बाकीची देणी ३,२०,००० रुपये होतात आणि उरलेल्या २,८०,००० रुपयांतून प्रत्येक भाच्याला १,४०,००० रुपये मिळतात. तेच कर्ज आपण बँकेतल्या पैशातून फेडले, तर उरतात १,००,००० आणि प्रत्येकाच्या हाती येतात ५०,००० रुपये. कोणी काही लपवलेले नाही, प्रत्येक रुपयाची पावती आहे, तरीही भाच्यांचे १,८०,००० रुपये आपले शेत मोकळे करण्यात गेले. कर्ज कोणत्याही शेतावर बोजा नसलेले असते, तर ते काकांचे साधे देणे ठरून सामाईक रकमेतून फेडणेच योग्य होते. म्हणून सोसायटीचा दाखला आणि सातबारा दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आपण या हंगामात त्या शेतात कपाशी लावून माल स्वतःसाठी विकला असेल, तर मृत्युपत्राने आपल्याला मिळालेले दान आपण स्वीकारल्याचे कलम ३३५ खाली त्या वागण्यातूनच मानले जाईल. वेगळा कागद लागणार नाही. त्यानंतर बोजा माझा नाही, असे म्हणायला जागा उरत नाही.

देण्यांचा क्रमही ठरलेला आहे. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजाराचा वैद्यकीय खर्च प्रथम, मग प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घेतले असल्यास त्याचा आणि व्यवस्थेसाठी आवश्यक न्यायालयीन कामाचा खर्च, मग नोकर-मजुरांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांची मजुरी आणि त्यानंतर इतर देणी. सालदाराचे पैसे सगळ्यात शेवटी देण्याची आपल्याकडची रीत कायद्याला धरून नाही. तेरवीचा खर्च मृताच्या ऐपतीला साजेसा असावा लागतो. गावजेवण मोठे घातले, तर वाजवीपेक्षा जास्तीचा भाग घालणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. हातउसन्यांबाबत कलम ३२३ थेट निष्पादकालाच उद्देशून आहे. आपले स्वतःचे येणे आपण आधी उचलायचे नाही, पैसे कमी पडत असतील तर इतर सामान्य धनकोंच्या बरोबरीने आणि त्याच प्रमाणात घ्यायचे. उसनवारीला तीन वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर भाच्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय त्या रकमेला हात लावू नका.

आता बाग. काकांच्या मृत्यूनंतर मृग बहाराची संत्री आपण व्यापाऱ्याला २,४०,००० रुपयांना दिली आणि पाणी, फवारणी व मजुरी यांवर ७०,००० रुपये खर्च झाले असे समजा. कलम ३४९ नुसार विशिष्ट दान मिळालेल्या व्यक्तीला त्या मालमत्तेचे निव्वळ उत्पन्न मृत्यूच्या दिवसापासून मिळते. म्हणजे १,७०,००० रुपये बहिणीचे आहेत. ते भाच्यांच्या वाट्यात जात नाहीत आणि "बाग मी सांभाळली" म्हणून आपल्याकडेही राहत नाहीत. बाग ताब्यात द्यायला निष्पादकाला मृत्यूपासून एक वर्षाची सवलत आहे, तिच्या आधी ताबा देण्याची सक्ती नाही. पण त्या वर्षात आलेला पैसा मात्र तिचाच असतो.

खरेदीबाबत माझे स्पष्ट मत आहे की आज ती करू नये. निष्पादकाने मृताच्या मालमत्तेचा कोणताही भाग प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे विकत घेतला, तर त्या मालमत्तेत हितसंबंध असलेली कोणतीही दुसरी व्यक्ती तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते, असे कलम ३१० म्हणते. तिथे भाव रास्त होता, एवढे उत्तर पुरत नाही. पत्नीच्या किंवा मुलाच्या नावाने घेणे हाही अप्रत्यक्ष मार्गच झाला. आधी आपण लेखी संमती देऊन बाग बहिणीच्या हवाली करा, फेरफार तिच्या नावे मंजूर होऊ द्या, बागेच्या उत्पन्नाचा पूर्ण हिशेब तिला द्या. त्यानंतर ती स्वतःची जमीन विकत असेल, तर तिने दोन बाहेरच्या गिऱ्हाइकांचा भाव काढावा आणि तिचा वकील वेगळा असावा. तलाठ्याकडचा फेरफार मालकीचा अंतिम निर्णय नसतो, हे खरे आहे. तरी कोणत्या तारखेपासून बाग तिच्या हाती आली, हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

मेहनतान्याचा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला, कारण वरचा हिशेब झाल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. प्रत्यक्ष झालेला खर्च, म्हणजे एसटीचे भाडे, नकला, मुद्रांक, वकिलाची फी, हा मेहनताना नव्हे. तो पावत्यांसह सामाईक रकमेतून घेता येतो. स्वतःच्या श्रमाचे आणि वेळेचे मोल ही वेगळी बाब आहे. कलम ३०९ एवढेच म्हणते की महाप्रशासकासाठी, म्हणजे मृतांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासाठी, त्या वेळी लागू असलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन निष्पादकाला घेता येणार नाही. ही कमाल मर्यादा आहे. तेवढी रक्कम प्रत्येक निष्पादकाला आपोआप मिळते, असा तिचा अर्थ लावून पैसे काढून घेणे मला धोक्याचे वाटते. मृत्युपत्रात मेहनतान्याची तरतूद असेल तर तिच्या आधारे मागा. नसेल तर सर्व लाभार्थ्यांची लेखी संमती घ्या किंवा न्यायालयाची परवानगी मागा.

आपल्या बाबतीत मागणी दोन कारणांनी दुबळी आहे. घर आणि शेत आपल्याला मिळाले आहे आणि कलम १४१ ने ते दान या कामाशी जोडलेले आहे, त्यामुळे काकांनी मोबदला आधीच दिला, हा बहिणीचा युक्तिवाद वजनदार ठरेल. दुसरे असे की मेहनताना बँकेतल्या रकमेतून घेतला, तर त्याचा सगळा भार भाच्यांवर पडतो, मात्र आपल्या खेपांपैकी बऱ्याच बागेसाठी आणि आपल्याच शेताच्या फेरफारासाठी झालेल्या असणार. तरीही मागायचे असेल, तर स्वतःच्या वाट्याच्या मालमत्तेचे मूल्य हिशेबात धरू नका, भाच्यांसाठी आणि बहिणीसाठी केलेले काम तारखेनिशी वेगवेगळे लिहा आणि प्रत्येकाकडून त्याच्यापुरतीच रक्कम मागा. भाच्यांपैकी कोणी अठरा वर्षांखालचा असेल, तर त्याची सही किंवा त्याच्या आईची तोंडी हो पुरेशी नाही. तिथे न्यायालयातच जावे लागेल.

आपल्या भागात हिंदू मृत्युपत्रासाठी प्रोबेट सक्तीचे नव्हते, त्यामुळे बहुतेक निष्पादक कोणालाही हिशेब न देता काम संपवतात. प्रोबेट घेतले तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. आपण ते घेतले नसले तरी त्याच नमुन्यात यादी आणि हिशेब करून बहिणीला आणि दोन्ही भाच्यांना पोच घेऊन द्या, आणि त्यात पीककर्जाच्या ओळीसमोर "निष्पादकाने स्वतः फेडायचे" असे स्वच्छ लिहा. आपल्याला हटवण्यासाठी कलम ३०१ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अर्ज झाला, तर आपल्या बाजूने पहिला कागद तोच दाखल करता येईल.