परग्रहवासी परप्रांतीय का वाटतात?

माझ्या कथेतले परग्रहवासी वाचून मित्र म्हणाला, "हे तर सरळ परप्रांतीय वाटतात." असं का होतं? प्रजाती उभी कशी करायची?

कारण आपण आधी स्वभाव ठरवतो आणि शरीर नंतर चिकटवतो. 'लोभी', 'घाणेरडे' असं एकच विशेषण अख्ख्या जमातीला लावलं की ते बहुतेक शेजाऱ्यांबद्दलच्या ऐकीव गप्पांतूनच आलेलं असतं. हिरव्या कातडीने ते झाकत नाही.

उलट बाजूने, म्हणजे शरीरापासून सुरुवात करा. समजा, ही प्रजाती अंधाऱ्या गुहांत वाढली. डोळे नाहीत, वास हीच भाषा. वास रेंगाळतो, म्हणून बोललेलं लगेच पुसता येत नाही. साहजिकच ती जपून बोलते आणि भांडण झालं की जागाच सोडते. आता तिला संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बसवा. ज्या कोळणीच्या पाटीकडे बघून डबा नाक मुरडतो, तिच्या शेजारी ती निवांत बसेल. भरपूर सेंट मारलेला माणूस मात्र तिला कानाशी किंचाळल्यासारखा वाटेल. इथे परकेपणा आपल्याच सवयीवर प्रकाश टाकतो.

'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) हा सिनेमा जरूर बघा. जोहान्सबर्गच्या वस्तीत कोंडलेले त्यातले कीटकासारखे परग्रहवासी वर्णभेदाच्या काळात केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून हुसकावलेल्या माणसांची आठवण देतात. चेहरा किळसवाणा, पण डोळे बोलके ठेवलेत, म्हणून आपण त्यांच्या बाजूने होतो. त्याच सिनेमात नायजेरियन माणसं मात्र सरसकट गुंड आहेत. नायजेरिया सरकारने त्यावर आक्षेप घेतला होता, आणि मला तो रास्त वाटतो.

तुमच्या कथेत एकाच जमातीतले दोघं एकमेकांशी वाद घालतात का, ते आधी तपासा.