इंडोनेशियन भाषेतील शिष्यवृत्तीचे पत्र आणि ‘व्याकरण नसलेली भाषा’

प्रश्न: इंडोनेशिया सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीसाठी इंडोनेशियन भाषेत पत्र लिहिले आहे. शिक्षक म्हणतात की उपसर्ग-प्रत्यय चुकले आहेत आणि बोलीतले शब्द मिसळले आहेत. अर्थ कळत असेल तर एवढे महत्त्वाचे आहे का? आणि पत्र किती लांब असावे?

उत्तर: महत्त्वाचे आहे, आणि तुमच्या शिक्षकांनी ज्या दोन तक्रारी केल्या आहेत, त्या बहुधा एकाच कारणातून आलेल्या आहेत.

मी पुण्यात काही वर्षे ही भाषा शिकवली. माझ्या एका विद्यार्थिनीला जावानी नृत्य शिकायला जायचे होते. ती इंडोनेशियन मालिका आणि मैत्रिणींशी होणाऱ्या गप्पांतून झपाट्याने बोलायला शिकली होती. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘आकु उदाह न्गाजारिन आनाक-आनाक नारी’ असे वाक्य होते. म्हणजे मी लहान मुलांना नृत्य शिकवले आहे. जाकार्तात मैत्रिणीला सांगायला ते अगदी बरोबर आहे. पण अर्जात ‘आकु’च्या जागी ‘साया’ आणि ‘उदाह’च्या जागी ‘सुदाह’ हवे, हे तिला लगेच पटले. खरी अडचण ‘न्गाजारिन’पाशी आली. तिने बोलीतला ‘-इन’ काढून त्या जागी प्रमाण भाषेतला ‘-कान’ लावला आणि ‘साया सुदाह मेंगाजारकान आनाक-आनाक’ असे लिहिले. ‘मेंगाजारकान’च्या लगेच पुढे जो विषय शिकवायचा तो येतो, म्हणून तिच्या वाक्यात मुले हाच शिकवण्याचा विषय झाला. हवे होते ते ‘मेंगाजारी आनाक-आनाक मेनारी’, किंवा मग ‘मेंगाजारकान तारी केपादा आनाक-आनाक’.

माझे एक सहकारी तेव्हा म्हणाले की या भाषेला काळ नाही, लिंग नाही, म्हणजे व्याकरणच नाही. मुलीला उगाच कशाला छळता? त्यांचे हे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. मराठीत जे काम विभक्ती आणि क्रियापदाची रूपे करतात, त्यातले बरेचसे इंडोनेशियन भाषेत उपसर्ग-प्रत्यय करतात. क्रिया कोणी केली, कोणावर केली आणि कोणासाठी केली, हे तिथेच ठरते.

बोलीतला ‘-इन’ फार सोयीचा आहे, कारण प्रमाण भाषेतील ‘-कान’ आणि ‘-इ’ या दोन्हींचे काम तो एकटाच करतो, आणि काही क्रियापदांना तर प्रमाण भाषेत कोणताच प्रत्यय लागत नाही तिथेही तो येतो. ‘न्गाजुइन’चे ‘मेंगाजुकान’ होते, म्हणजे अर्ज सादर करणे. ‘न्गिकुतिन’चे मात्र ‘मेंगिकुती’ होते; तिथे ‘मेंगिकुतकान’ लिहिले तर ‘मी अभ्यासक्रम केला’ याऐवजी अभ्यासक्रमालाच कशात तरी सहभागी करून घेतले असा विचित्र अर्थ निघतो. ‘बांतुइन’चे नुसते ‘मेंबांतु’ होते. म्हणून बोलीतले रूप सरसकट बदलू नका. शब्दाचे मूळ शोधा, केबीबीआय या अधिकृत शब्दकोशात त्या मुळाखालची रूपे पाहा आणि क्रियापदाच्या लगेच पुढे काय येते ते तपासा. दिली जाणारी वस्तू किंवा विषय पुढे येत असेल तर बहुधा ‘-कान’ लागतो. ज्याला ती मिळते ती व्यक्ती पुढे येत असेल तर ‘-इ’. त्याच शब्दकोशात बोलीतल्या शब्दांपुढे ‘चाक’ अशी खूण असते. माझ्या विद्यार्थिनीच्या पत्रातला ‘बिकिन’, म्हणजे बनवणे, आम्ही त्या खुणेवरूनच पकडला आणि तिथे ‘मेंबुआत’ लिहिले.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक हमखास चूक म्हणजे ‘दोकुमेन यांग साया मेलांपिरकान’. ‘मी जोडलेली कागदपत्रे’ म्हणताना कागदपत्रे आधी आली आणि करणारा ‘साया’ असला की ‘मे-’ गळतो: ‘दोकुमेन यांग साया लांपिरकान’. हे न गळणारे ‘मे-’ वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात खटकते. आणि शेवटी लक्ष दिल्याबद्दल आभार मानताना ‘आतास पेरहातिआन्न्या’ लिहू नका. इंडोनेशियन लोक स्वतः ते सर्रास लिहितात, पण त्यातला ‘-न्या’ तृतीय पुरुषी आहे आणि तुम्ही तर समोरच्याचे आभार मानत आहात. ‘आतास पेरहातिआन बापाक/इबु’, म्हणजे महोदय/महोदया आपण लक्ष दिल्याबद्दल, असे लिहा.

माझे ते सहकारी अर्थ कळतो म्हणत राहिले. अर्थ कळतोच, पण भाषा आणि कला शिकायला येऊ पाहणाऱ्या उमेदवाराच्या पत्रात वाचणारा तेवढेच पाहत नाही.

अर्थात, बोली कमी दर्जाची आहे असे मी म्हणत नाही. तिथे गेल्यावर मित्रांशी ‘मेंगाजुकान’ छाप बोललात तर पुस्तकी वाटेल. शिवाय पत्र इंडोनेशियनमध्येच हवे की इंग्रजी चालते, हे त्या वर्षीच्या सूचनेत आधी पाहा. लांबीबद्दल सूचनेत काही नसेल तर एक पान पुरे.