एकच ओळख, तीन श्रोते

मुलाखतीत, विद्यार्थ्यांसमोर आणि कंपनीच्या वरिष्ठांपुढे स्वतःची ओळख कशी बदलावी?

काम तेच सांगा, सुरुवात बदला. समजा, तुम्ही मेंटेनन्स इंजिनिअर आहात आणि तुमच्यामुळे एका प्रेस मशीनचा बंद काळ महिन्याला 20 तासांवरून 8 वर आला. मुलाखतीत तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा: दर आठवड्याला बेअरिंगचं कंपन मोजलं, तुटण्याआधीच बेअरिंग बदललं. इथे बरेच जण सगळं ‘आम्ही केलं’ म्हणतात आणि त्यांचा वाटा समोरच्याला कळतच नाही. विद्यार्थ्यांना आकडा नको. बेअरिंग खराब होताना मशीनचा आवाज कसा बदलतो, तिथून सुरू करा. वरिष्ठांपुढे अर्धं मिनिट पुरे: आधी वाचलेले 12 तास, मग नाव आणि विभाग, आणि लगेच आज त्यांच्याकडून कोणता निर्णय हवा ते.