पांढरी एकवरून पांढरी पाचवर अलगद कसं जावं?

प्रश्न: माझ्या गाण्याचा मुखडा सी मेजरमध्ये आहे, अंतरा जी मेजरमध्ये. मुखड्याच्या शेवटी एफ वाजवून डी सेव्हन घेतो, तिथे गाणं अडखळतं. पट्टी बदललेली कळू नये असं कसं करू?

एफ आणि डी सेव्हन यांच्यामध्ये ए मायनर घाला. तुमची अडचण तेवढ्याने सुटेल.

कारण तुमच्या हाताखालीच दिसतं. एफच्या कॉर्डमध्ये एफ हा सूर आहे आणि डी सेव्हनमध्ये एफ शार्प. आपल्या भाषेत, सी हा सा धरला तर आधी शुद्ध मध्यम आणि लगेच तीव्र मध्यम. दोन्ही पाठोपाठ आणि वेगवेगळ्या आवाजांत, म्हणजे वेगवेगळ्या बोटांखाली, आले की कानाला ठेच लागते. ए मायनरमध्ये मध्यमच नाही. एक मात्रागट तो सूर कुठेच वाजला नाही की शुद्ध मध्यमाचा ठसा पुसट होतो.

शिवाय ए मायनर दोन्ही पट्ट्यांत राहतो. सी, ई मायनर, जी आणि ए मायनर हे चार कॉर्ड दोन्हीकडे सामाईक आहेत. त्यांतला जो कॉर्ड दुवा म्हणून वापरतो, तो पिव्होट कॉर्ड. ए मायनरचे सूर सीच्या पट्टीत ध, सा, ग; जीच्या पट्टीत तेच रे, म, ध. ऐकणारा त्याला जुन्या घरातला समजून ऐकतो, आणि पुढचा डी सेव्हन आला की मागे वळून तो नव्या घरातला वाटू लागतो.

मी फोंड्याकडचा. गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांना कीबोर्ड वाजवतो. एका नाटकाच्या तालमीत मी नेमकं तुमच्यासारखं केलं होतं आणि गायिका दर वेळी त्याच जागी सूर शोधत थांबायची. सासष्टीतले एक व्हायोलिनवादक होते, चर्चच्या शाळेत सॉल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेले. त्यांनी मला उजव्या हाताची बोटं दाखवली. आधी सी, ई, ए. मग ई खाली डीवर आणा, सी आणि ए धरून ठेवा, मध्ये एफ शार्प घाला: सी, डी, एफ शार्प, ए. मग सी उतरून बीवर, एफ शार्प चढून जीवर, ए उतरून जीवर, डी जागेवरच. एकही बोट लांब उडी घेत नाही. ते म्हणाले, "हात शांत असला की कानही शांत राहतो." त्या रात्री गायिका थांबली नाही.

तुमच्या गाण्यात चार मात्रांचे गट धरून असं वाजवा: सी, एफ, ए मायनर, डी सेव्हन, जी. एवढ्यावर थांबू नका. एका डी सेव्हनने घर बदलत नाही, फक्त शेजारी डोकावून येणं होतं. जीवर पोचल्यावर पुन्हा सी, डी सेव्हन, जी वाजवा. आता हा सी नव्या पट्टीतला मध्यमाचा कॉर्ड आहे. झालं की हात उचला आणि मनात सा गुणगुणा. तोंडातून जी आला तर पट्टी बदलली. सी आला तर अजून नाही.

अंतऱ्याच्या चालीतही एफ शार्प यायला हवा, नुसता कॉर्डमध्ये असून भागत नाही. सीच्या पट्टीतला हा तीव्र मध्यम जीच्या पट्टीत शुद्ध निषाद होतो, आणि तोच नव्या साकडे ओढतो. चालीत एफ शुद्धच ठेवलात तर जीवरून कोमल निषादाचा खमाज ऐकू येईल, जी मेजर नाही. हार्मोनियमवर वाढलेल्या आपल्या मंडळींची हीच चूक जास्त होते, कारण पंचमाला सा मानून मूर्च्छना करायची सवय असते, तिथे स्वर बदलायचे नसतात.

तानपुरा किंवा श्रुतिपेटी सीवर चालू असेल तर ती जागा येण्याआधी बंद करा. खाली सा गुंजत राहिला तर वर कितीही नीट वाजवलं तरी कान हलत नाही.

मुखड्याची चाल जशीच्या तशी वर पंचमावर नेऊन अंतरा करू नका, गायकाचा आवाज फाटेल. अंतरा वेगळ्या चालीत, जीच्या आसपास बांधा.

परत येणं सोपं आहे. जीवरून ए मायनर, मग डी मायनर, जी सेव्हन, सी. डी मायनरमध्ये शुद्ध एफ परत येतो, तिथेच एफ शार्पचा प्रभाव उतरतो. ए मायनर इथेही तोच, फक्त उलट दिशेने वाचला जातो.

ही युक्ती जवळच्या पट्ट्यांपुरती आहे. सीवरून एफला जातानाही चार कॉर्ड सामाईक मिळतात. डीला दोनच, ई मायनर आणि जी. एफ शार्प मेजरला एकही नाही, तिथे दुसरा मार्ग शोधावा लागतो.