संगणक वापराचे नियम पहिल्यांदा लिहिताना

कंपनीतल्या लोकांसाठी नियम लिहिताना तुमच्या मसुद्यात "गोपनीय माहितीचा अनधिकृत प्रसार करू नये" असं वाक्य असेल, तर ते आधी बदला. ते वाचून आपण चुकतोय असं कुणालाच वाटत नाही. त्याऐवजी प्रसंग लिहा: "काम घरून संपवायचं म्हणून ग्राहकांची यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तुम्ही नोकरी सोडलीत तरी ती तिथेच राहते आणि कंपनीला ती पुसता येत नाही."

लगेच खाली पर्याय द्या:

- कंपनीचा लॅपटॉप घरी न्या, व्हीपीएनने कंपनीच्या नेटवर्कला जोडा.
- लॅपटॉप नसेल तर कुणाला विचारायचं, ते लिहा.

पर्याय न देता घातलेली बंदी लोक मोडतात. नवखे इथेच चुकतात. "वैयक्तिक वापर पूर्ण बंद" हेही टाळा. जेवणाच्या सुट्टीत बँकेचं खातं पाहिलेलं चालतं, असं स्पष्ट लिहा. नेटवर्कवरच्या वापराची नोंद ठेवत असाल, तर तेही सांगा.