ब्रोकरने न विचारता सौदे टाकले तर तक्रार कुठं आणि कशी

प्रश्न : माझ्या खात्यात डीलरने न विचारता बँक निफ्टीचे ऑप्शन्स घेतले, ६२ हजार गेले. फोनवर सॉरी म्हणाला, पण पैशांबद्दल गप्प. सुरुवात कुठून करू?

फोन करणं आता थांबवा. ब्रोकरच्या तक्रारींसाठी वेगळा ईमेल पत्ता असतो, त्यांच्या वेबसाइटवर मिळतो, तिथं लिहा. "माझी फसवणूक झाली" एवढंच लिहून काही होत नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट समोर घेऊन तारीख, ट्रेड नंबर, वेळ, तोटा असं एकेका सौद्याचं लिहा आणि शेवटी एकच मागणी करा, या सौद्यांची ऑर्डर मी दिल्याचा पुरावा दाखवा. सेबीचा २०१८ पासून नियमच आहे, ऑर्डर क्लायंटने दिली याचा पुरावा, म्हणजे कॉल रेकॉर्डिंग, ईमेल किंवा लॉगिनची नोंद, ब्रोकरने ठेवायचा असतो आणि वाद झाला तर तो दाखवायची जबाबदारीही त्याचीच. इथंच बरेच ब्रोकर अडकतात.

प्रश्न : ब्रोकर म्हणतो, रोज एसएमएस जात होते, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?

हे उत्तर नेहमीचंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा दमही आहे. दोन महिने मेसेज बघून गप्प बसलात तर समोरचा म्हणणारच की तुमची मूक संमती होती. म्हणून पहिला एसएमएस दिसला त्याच दिवशी "हा सौदा माझा नाही" असा दोन ओळींचा ईमेल टाकायचा. तुमचा असा ईमेल असेल तर तक्रारीला पहिला तोच जोडा.

प्रश्न : उत्तर आलं, पण उडवाउडवीचं. आता एक्सचेंज की सेबी?

scores.sebi.gov.in वर पॅन टाकून नोंदणी करा, तक्रार तिथूनच ब्रोकरकडे जाते आणि एक्सचेंजलाही दिसते. घटनेपासून वर्षाच्या आत टाका. ब्रोकरला २१ दिवस असतात, म्हणजे ३ जूनला टाकली तर २४ जूनपर्यंत उत्तर यायला हवं. पटलं नाही तर १५ दिवसांत रिव्ह्यू मागा, तो आधी एक्सचेंज बघतं, तिथंही पटलं नाही तर परत १५ दिवसांत दुसरा रिव्ह्यू मागायचा, तो सेबी स्वतः बघते. लोक या १५ दिवसांतच चुकतात, "बघू नंतर" म्हणतात आणि तक्रार बंद होऊन जाते.

प्रश्न : म्हणजे सेबी माझे ६२ हजार परत देईल ना?

नाही. सेबी ब्रोकरकडून उत्तर घेते, नियम मोडला असेल तर त्याच्यावर कारवाई करते, पण तुमच्या नुकसानीचा आकडा ठरवून हातात देत नाही. त्यासाठी smartodr.in आहे. आधी समेट घडवणारा माणूस दोघांना ऑनलाइन बसवतो, त्याची फी गुंतवणूकदाराला नाही. तिथं जमलं नाही तर लवाद, त्याला फी लागते, पण रक्कम एक लाखाच्या आत असली की सहसा कागदांवरच निकाल लागतो.

प्रश्न : मी पैसे रिलेशनशिप मॅनेजरच्या स्वतःच्या खात्यात दिले होते, महिन्याला ४ टक्के देतो म्हणाला होता.

ही वाट तुमच्यासाठी फार अवघड आहे. ब्रोकर सरळ हात झटकणार, कारण पैसे त्याच्या खात्यात आलेच नाहीत. बँक स्टेटमेंट आणि चॅट घेऊन आधी पोलिसात जा.