राखाडी चौकट आणि नुसती रिकामी चौकट

प्रश्न: "आयपीएच्या, म्हणजे जगातल्या भाषांचे आवाज लिहायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांच्या, व्यंजनांच्या तक्त्यात काही चौकटी राखाडी रंगवल्यात आणि काही नुसत्याच कोऱ्या आहेत. चिन्ह तर दोन्हीत नाही. मग फरक काय? कोरी म्हणजे तो आवाज कुठल्याच भाषेत नाही असंच ना?"

नाही, कोरी म्हणजे आवाज नाही असं अजिबात नाही. राखाडी चौकट माणसाच्या शरीराबद्दल सांगते, की तो आवाज त्याला जमणारच नाही, कोरी चौकट फक्त एवढंच सांगते की तिथे वेगळं चिन्ह ठेवायची गरज अजून कुणाला पडली नाही.

आधी राखाडीचं बघू, कारण ती स्वतःच्या तोंडात तपासता येते. म म्हणताना ओठ बंद असतात आणि हवा नाकातून जाते, ङ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकतो, तरी हवा नाकातूनच जाते, कारण नाकाकडे जाणारी वाट जिथे अडवलंय त्याच्या मागे उघडी असते. आता अडवायची जागा मागे मागे नेत जा. पडजिभेपर्यंत जमतं. पण त्याच्याही खाली, घशातच वाट पूर्ण बंद केली तर हवा नाकाच्या फाट्यापर्यंत पोचतच नाही, म्हणजे घशाचा अनुनासिक होणारच नाही, कितीही सराव करा. अगदी खाली स्वरतंतूंपाशी अडवलं तरी तेच. स्वरतंतूंपाशीच हवा अडवून होणाऱ्या ʔ या आवाजाच्या शेजारची घोष, म्हणजे स्वरतंतू थरथरवून काढायच्या जोडीदाराची बाजूही राखाडी आहे, कारण त्या आवाजासाठी स्वरतंतू घट्ट मिटावे लागतात आणि घोष होण्यासाठी ते थरथरावे लागतात, दोन्ही एकाच वेळी कसं होणार?

दोन ओठांच्या पार्श्विकाची चौकट मात्र जरा वेगळ्या कारणाने राखाडी आहे. ओठ मध्ये मिटून कडेने हवा सोडता येतेच, करून बघा. पण पार्श्विक म्हणजे जिभेच्या कडेने हवा जाणं अशी व्याख्याच आहे, आणि ओठांच्या आवाजात ते काम जीभ करतच नाही. म्हणजे ही चौकट शरीरापेक्षा व्याख्येमुळे बंद झालीय. हा भेद लक्षात ठेवा, बरेच जण सगळ्या राखाडी चौकटी एकाच मापाने मोजतात.

आता कंपिताची ओळ घ्या, म्हणजे रर्र सारखे आवाज, कारण फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. कंपितासाठी काहीतरी हलकं, सैल हवं, जे हवेच्या झोताने आपोआप उघडझाप करेल. जिभेचं टोक असं आहे, सेकंदाला साधारण 25 वेळा हलतं. ओठ चालतात, पडजीभ चालते. पण क-ग च्या जागी जिभेचा मागचा जाड गोळा वर उचलावा लागतो आणि तो तसा फडफडत नाही, म्हणून ती चौकट राखाडी.

त्याच ओळीत ट-ड च्या जागेची, म्हणजे मूर्धन्य चौकट कोरी आहे, राखाडी नाही. आणि तिथे आवाज आहे, तोही आपल्याच देशात! निलगिरीतल्या तोडा भाषेत तीन वेगवेगळे कंपित आहेत, दातांजवळचा, त्याच्या मागचा आणि मूर्धन्य, आणि ते शब्दाचा अर्थ बदलतात. पीटर लॅडेफोगेड, पेरी भास्करराव वगैरेंनी 1996 साली त्यावर लिहिलंय. मूर्धन्य कंपितात जिभेचं टोक आधी मागे वळतं आणि मग कंप सुरू होतो. तरी चौकट कोरीच राहिली, कारण असलेल्या चिन्हांची जुळणी करून तो लिहिता येतो आणि एवढ्या कमी भाषांसाठी नवं चिन्ह कुणी आणलं नाही. बर्मी भाषेतला अघोष, म्हणजे स्वरतंतू न थरथरवता काढलेला म पण असाच, म च्या शेजारची अघोष बाजू कोरी आहे आणि आवाज मात्र रोजच्या बोलण्यात आहे, m खाली छोटं वर्तुळ दिलं की झालं: m̥.

कोरी चौकट भरलीही जाऊ शकते. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे ओढून पटकन पुढे सोडायचा, असा आवाज मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषांमध्ये आहे, काँगोतल्या मोनो भाषेत तर तो नीट नोंदलाय. ती चौकट वर्षानुवर्षं कोरी होती, 2005 साली तिथे ⱱ आलं. ती आधी राखाडी नव्हती हे महत्त्वाचं, कारण तोंडाला तो जमतो हे माहीत होतंच, प्रश्न फक्त पुराव्याचा आणि चिन्हाचा होता.

म्हणून कोरी चौकट दिसली की आधी दोन गोष्टी बघा: खालीवर टिंब-वर्तुळं देऊन तो आवाज लिहितात का, आणि कुठल्या भाषेत तो अर्थभेद करतो का. दोन्हीचं उत्तर नाही आलं तरच "अजून सापडला नाही" म्हणा. उदाहरणार्थ दात-ओठांच्या कंपिताची चौकट: कोरी आहे, आणि तिथे अर्थभेद करणारं व्यंजन कुठल्याच भाषेत नोंदलेलं नाही.